हिरकणीचा कडा, आठ-आठ सेकंदांत

हिरकणीच्या गोष्टीचं निवेदन रेकॉर्ड होऊन हातात आलं, ते 4 मिनिटं 40 सेकंदांचं होतं. म्हणजे 280 सेकंद. गोष्टीची चित्रं आम्ही एआयच्या व्हिडिओ बनवणाऱ्या टूलकडून करून घेत होतो, आणि त्या टूलची एका वेळची मर्यादा 8 सेकंद. सरळ भागाकार केला तर 35 क्लिप होतात, आणि खर्चाचा अंदाज मागणारा कुणीही हाच भागाकार करून मोकळा होतो. गोष्ट पुरी झाली तेव्हा टाइमलाइनवर त्याच्या जवळपास दुप्पट क्लिप होत्या. ही दुप्पट कुठून आली आणि संहितेचे तुकडे पाडण्याची आमची रीत कशी बसत गेली, ते सविस्तर लिहिते.

आधी मर्यादेबद्दल. मी काम केलं तेव्हा व्हिओ एका वेळी 8 सेकंद द्यायचं, क्लिंग आणि रनवे 5 किंवा 10. ही केवळ कंपन्यांची काटकसर नव्हे. ही टूल्स चित्रं एकामागून एक काढत नाहीत. क्लिपमधल्या सगळ्या चौकटी, म्हणजे फ्रेम, एकत्रच घडवतात, आणि प्रत्येक चौकट बाकीच्या चौकटींशी ताडून पाहतात. म्हणून तर आठ सेकंदांत बाईचा चेहरा बदलत नाही. पण लांबी दुप्पट केली की ही ताडून पाहण्याची मेहनत चौपट होते. तेव्हा आठ सेकंदांच्या आत टूलला सगळं लक्षात असतं, आणि नवव्या सेकंदाला काहीही नसतं. पुढची क्लिप म्हणजे कोरी पाटी. तुकडे पाडण्याचं सगळं काम या एका गोष्टीभोवती फिरतं.

आमच्याकडे निवेदन एका ताईंनी केलं. त्या निवृत्त शिक्षिका आहेत, गोष्ट सांगण्याचा त्यांना मुरलेला सराव आहे. मी आधी त्यांच्याकडून फोनवरच कच्चं निवेदन करून घेतलं आणि ते डाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर टाकलं. कागदावर संहिता तोडायची नाही, आवाजावर तोडायची, हे मी सुरुवातीलाच ठरवलं होतं. कारण कागदावरच्या दोन सारख्या ओळी तोंडात सारख्या राहत नाहीत. गोष्ट सांगण्याच्या लयीत ताई मिनिटाला साधारण 110 शब्द बोलतात, म्हणजे आठ सेकंदांत चौदा-पंधरा शब्द. पण ‘घरी तान्हं बाळ आहे’ ही चारच शब्दांची ओळ त्यांनी इतकी थांबून म्हटली, की तिनेच चार सेकंद घेतले. ताई ऐकता ऐकता म्हणाल्या, “हे बघ, मी जिथे श्वास घेते ना, तिथे तू चित्र बदल. मध्येच बदललंस तर माझं वाक्य तुटतं.” मी त्या प्रत्येक श्वासावर खूण टाकत गेले.

श्वासाच्या खुणा हा पहिला आराखडा झाला, पण तो जसाच्या तसा चालला नाही. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं. ‘चरवी कडेवर घेऊन, चिऱ्यांवरून अनवाणी धावत ती महादरवाज्याशी आली.’ या वाक्यावर एकच क्लिप टाकली आणि क्लिपच्या पहिल्याच सेकंदाला ती दरवाज्याशी पोचलेली दिसली, तर पुढचे चार-पाच सेकंद कान जे ऐकतोय ते डोळ्याने आधीच पाहिलेलं असतं. म्हणून अशा वाक्यांचे दोन भाग केले: आधी चिऱ्यांवरून धावणारे पाय, आणि ‘आली’ या शब्दाच्या जरा आधी दरवाजा. लांब वाक्यात चित्र साधारणपणे क्रियापदाच्या आधी बदलायचं आणि लहान वाक्यात वाक्य संपल्यावर, एवढा अंदाज मनाशी बसला की खुणा सरकवणं सोपं जातं.

दुसरी गोष्ट वापरण्याजोग्या लांबीची. आठ सेकंदांची क्लिप म्हणजे 24 चौकटींच्या वेगाने 192 चौकटी. पण स्थिरचित्रापासून क्लिप बनवली की पहिला अर्धा सेकंद बहुतेक वेळा अडखळता जातो. चित्र आधी चित्रच असतं, मग हलू लागतं. आणि शेवटाकडे वेगळीच अडचण असते. सांगितलेली क्रिया पाच सेकंदांत उरकली, तर उरलेले तीन सेकंद टूल आपल्या मनाने भरतं. बाई वळून कॅमेऱ्याकडे बघते, उगाच हसते, नाहीतर कॅमेरा पुढे सरकू लागतो. उलट क्रिया मोठी दिली तर ती कोंबून बसवली जाते, आणि चालणारी बाई तरंगत गेल्यासारखी दिसते. म्हणून तुकडा पाडताना मी सेकंद मोजण्याआधी क्रिया मोजू लागले. एका क्लिपमध्ये एक क्रिया, आणि ती क्रिया खऱ्या आयुष्यात पाच-सहा सेकंद चालणारी हवी. त्यातले तीन ते पाच सेकंद ठेवायचे, बाकी दोन्ही टोकांना कापायला सोडायचे. दुप्पट क्लिप लागल्या त्या यामुळे.

दरवाज्याचा प्रसंग कसा तोडला ते पूर्ण सांगते, कारण बाकीचे प्रसंग त्याच्याच धर्तीवर झाले. निवेदन असं होतं: ‘दूध घालता घालता दिवस कधी कलला, तिला कळलंच नाही. चरवी कडेवर घेऊन, चिऱ्यांवरून अनवाणी धावत ती महादरवाज्याशी आली. पण तोवर सूर्य बुडाला होता आणि शिरस्त्याप्रमाणे दरवाजे बंद झाले होते. तिने पहारेकऱ्यांना विनवलं. घरी तान्हं बाळ आहे. कुणी ऐकलं नाही.’ ताईंच्या आवाजात हे 24 सेकंदांच्या आसपास भरतं. भागाकाराने तीन क्लिप. आम्ही सात केल्या.

पहिली, मापातून दूध ओततानाचे हात, आणि जमिनीवर लांबलेल्या सावल्या, चार सेकंद. दिवस कलल्याचं सावल्याच सांगतात, त्यासाठी आभाळ दाखवावं लागत नाही. दुसरी, मान वर करून मावळतीकडे पाहणारा तिचा चेहरा, तीन सेकंद. तिसरी, धावणारे अनवाणी पाय, अडीच. चौथीत दरवाज्याची दोन्ही दारं मिटतात, पाच सेकंद. पाचवीत अडसर सरकून बसतो, दोन. सहावी पहारेकऱ्याच्या खांद्यामागून, हात जोडलेली हिरकणी, पाच. सातवीत पाठ फिरवून उभे राहिलेले पहारेकरी आणि भाल्यांच्या आकृती, अडीच.

यात चौथी आणि सहावी वेगळ्या करणं सगळ्यात महत्त्वाचं होतं. संहिता लिहिताना ‘ती धावत येते आणि तिच्या डोळ्यांदेखत दार बंद होतं’ असं एकच दृश्य कुणालाही सुचेल. एका चौकटीत बाईही हलते आणि दारही हलतं, अशा दोन क्रिया दिल्या की टूलची गफलत होते. एका निकालात ती मिटलेल्या दारातून आरपार गेली, दुसऱ्यात दाराच्या फळ्या बाजूला सरकत्या झाल्या. दार मिटतं त्या क्लिपमध्ये ती नाहीच, असं केल्यावर प्रश्न सुटला. शिवाय निवेदनात दारं ‘बंद झाले होते’ असंच आहे, ती पोचण्याआधी. दाराच्या क्लिपसाठी पहिली आणि शेवटची चौकट आम्ही दोन्ही स्वतः दिल्या, उघडं दार आणि मिटलेलं दार. ज्या टूलमध्ये अशी दोन्ही टोकं देता येतात तिथे मधली वाट चुकण्याची शक्यता बरीच कमी होते. दोन चित्रांत कॅमेरा मात्र तसूभरही हललेला नसावा, नाहीतर दार मिटण्याऐवजी एक चित्र दुसऱ्यात विरघळतं.

प्रत्येक क्लिप कोरी पाटी असल्यामुळे सगळं दरवेळी नव्याने सांगावं लागतं. ‘ती’ म्हणून भागत नाही. हिरकणीच्या वर्णनाचा एक परिच्छेद इंग्रजीत पक्का केला आणि तो प्रत्येक वेळी शब्दही न बदलता चिकटवला. नऊवारी हा शब्द टूलला कळेलच असं नाही. बहुतेक वेळा सहावारीच नेसवली जाते. म्हणून कासोट्याचं वर्णन करावं लागलं:

```
A young milkmaid in a dark green cotton sari, draped
between the legs and tucked at the back, calves visible,
pallu over left shoulder, bare feet, brass pot on hip.
She stops before a closed wooden gate. Static camera. Dusk.
```

गडाचंही तेच. नुसतं ‘भारतीय किल्ला’ म्हटलं की घुमट आणि झरोके येतात. काळा बेसॉल्ट, गोल बुरुज, घुमट नाहीत, कोरीव नक्षी नाही, इतकं स्पष्ट लिहावं लागतं. तरीही दहा वेगवेगळ्या क्लिपमध्ये दहा वेगळे गड येतात. त्यामुळे आम्ही शब्दांवर विसंबलो नाही. प्रसंगागणिक आधी स्थिरचित्रं तयार केली, ती पक्की होईपर्यंत एकही क्लिप बनवली नाही, आणि प्रत्येक क्लिप त्या चित्रापासून सुरू केली. चित्र चुकलं तर त्याला फार खर्च येत नाही, क्लिप चुकली तर येतो.

यातूनच तुकड्यांच्या तक्त्याला आकार आला. क्लिपचा क्रमांक, निवेदनातले शब्द, सेकंद, क्रिया, हे रकाने कुणीही करेल. मला सगळ्यात उपयोगी पडले ते आणखी तीन: उजेड, अवस्था आणि जोड.

उजेडाचा रकाना या गोष्टीत टाळताच येत नाही, कारण गोष्ट दुपारी सुरू होते आणि रात्री संपते. कलती दुपार, मावळत, संधिप्रकाश आणि चांदणं असे चार उजेड ठरवले. काही जण ही घटना कोजागिरीच्या रात्रीची सांगतात, तेच आम्ही धरलं. गडद अंधारात कडा दाखवायचा कसा, हा प्रश्नही त्यामुळे सुटला. नियम एवढाच की एका क्लिपमध्ये उजेड बदलणार नाही. क्लिपमध्ये सूर्य मावळायला सांगितलात तर आठ सेकंदांत भर्रकन संध्याकाळ होते आणि ढग पळू लागतात. उजेड बदलायचा तो दोन क्लिपच्या मधल्या जागेत. एका उजेडाच्या सगळ्या क्लिप, गोष्टीत त्या मागेपुढे असल्या तरी, एकाच बैठकीत काढल्या.

अवस्थेचा रकाना कड्यासाठी. उतरताना तिचा पदर फाटतो, गुडघे आणि तळवे सोलवटतात. पण फाटलेला पदर पुढच्या क्लिपमध्ये परत अखंड होऊन येतो, कारण टूलला मागचं काही ठाऊक नाही. म्हणून तिची तीन चित्रं केली: गडावरची हिरकणी, अर्ध्या कड्यावरची आणि पायथ्याची. तक्त्यात प्रत्येक क्लिपपुढे १, २ किंवा ३ लिहिलं.

जोडीच्या रकान्यात ही क्लिप पुढच्या क्लिपला कशी लागणार ते आधीच लिहायचं. इथे एक मोह असतो. मागच्या क्लिपची शेवटची चौकट काढायची आणि ती पुढच्या क्लिपची पहिली म्हणून द्यायची, म्हणजे दृश्य अखंड चालेल. चौकट काढणं सोपं आहे:

```
ffmpeg -sseof -1 -i S04_C06.mp4 -update 1 -q:v 1 last_06.png
```

शेवटच्या सेकंदापासून वाचत ती प्रत्येक चौकट त्याच फाइलवर लिहिली जाते, म्हणून शेवटी उरते ती शेवटची. एका सांध्यासाठी हे चालतं. साखळी लांबली की बिघडतं, आणि ते हळूहळू बिघडतं म्हणून लवकर लक्षात येत नाही. प्रत्येक फेरीत चित्र पुन्हा दाबलं जातं आणि पुन्हा उलगडलं जातं, त्यातला बारीकसा दोष पुढच्या फेरीचा पाया होतो. तिसऱ्या-चौथ्या दुव्यापर्यंत सावल्या काळ्याकुट्ट होतात, कातडी मेणासारखी गुळगुळीत होते, साडीचा हिरवा रंग सरकतो. ओळखण्याची खूण अशी की साखळीतली पहिली आणि शेवटची क्लिप शेजारी शेजारी ठेवून पाहायची. सलग पाहताना डोळा सवय करून घेतो. दुसरी गोष्ट म्हणजे एका स्थिर चौकटीत वेग नसतो. धावणारी बाई प्रत्येक सांध्यावर क्षणभर अडखळते आणि पुन्हा धावू लागते. काही टूल्समधली ‘वाढवा’ सोय शेवटच्या एका चौकटीऐवजी शेवटचा भाग पाहते, तिथे वेग टिकतो. रंगाची घसरण तरीही राहतेच.

म्हणून जोड लावायची ती संकलनाच्या जुन्या पद्धतीने. पुढच्या क्लिपमध्ये कोन तरी ठळक बदलायचा, निदान तीस अंश, किंवा अंतर बदलायचं: चेहऱ्यावरून पायावर, पायावरून दूरच्या कड्यावर. कोन बदलला की प्रेक्षक आधीच्या चौकटीशी बारकाईने तुलना करत नाही, आणि दर वेळी मूळ पक्क्या चित्राकडे परत जाता येतं. अडसर, चरवी, मशालीची ज्योत, निखळलेला दगड अशा तपशिलांच्या दोन-दोन सेकंदांच्या क्लिप या कामी येतात. चेहरा मध्ये दिसला नाही की चेहऱ्यातला थोडा फरक खपून जातो.

कडा उतरण्याचा भाग सगळ्यात कठीण होता आणि मला सगळ्यात जवळचाही. चढणं-उतरणं या टूल्सना नीट जमत नाही. शरीराचं वजन कुठे पडतंय हे त्यांना कळत नाही. बोटं दगडात रुततात, पाय आधार नसलेल्या जागी टेकतात, दोन पायांत तिसरा डोकावतो. चालू वेगाने हे निसटतं, म्हणून हात जिथे दगडाला लागतो तो क्षण चौकट-चौकट पुढे सरकवून पाहायचा. ‘ती कडा उतरते’ ही आठ सेकंदांची क्रिया म्हणून कधीच धड येत नाही. आम्ही ती मोडली: खाच चाचपणारी बोटं, पायाखालून सुटणारे खडे, करवंदीच्या काट्यात अडकून ताणला जाणारा पदर, दगडाला टेकलेला गाल आणि धाप. प्रत्येक तुकडा दोन ते तीन सेकंद. मध्ये मध्ये दूरचं दृश्य, चांदण्यात काळा कडा आणि त्यावर मुंगीएवढी आकृती, सहा सेकंद. तेवढ्या अंतरावरून हातपाय मोजता येत नाहीत, फक्त उंची जाणवते. निवेदनात या जागी ताईंची वाक्यं आपोआपच तोकडी झाली होती, त्यामुळे लहान तुकडे तिथे शोभले.

दिशाही तक्त्यात लिहिली होती: गडावरून खाली जाताना ती नेहमी पडद्यावर डावीकडून उजवीकडे. टूल हे पाळत नाही. एक चांगली उतरलेली क्लिप उलट्या दिशेने आली, तेव्हा ती संकलनात आडवी उलटवण्याची सूचना कुणीतरी केली. आवाज बंद करून पहिली जोडणी ताईंना दाखवली, तर त्या तिथेच थांबल्या. “अगं, हिचा पदर उजव्या खांद्यावर कसा गेला? आणि नथ बघ.” नथ डाव्या नाकपुडीत असते, उलटवल्यावर ती उजवीकडे गेली होती. मराठी घरातला प्रेक्षक हे एका क्षणात टिपतो. ती क्लिप काढली आणि दिशेचं स्वतंत्र स्थिरचित्र करून नव्याने बनवली. त्यानंतर उलटवायला परवानगी फक्त माणूस नसलेल्या क्लिपना.

आवाज बंद करून दाखवणं ही तुकड्यांची खरी तपासणी आहे. निवेदन चालू असलं की ते पुष्कळ खाचखळगे बुजवतं. गोष्ट ठाऊक असलेल्या माणसाला मुक्याने दाखवायचं, आणि ‘ही तीच का?’ किंवा ‘ही आता कुठे आहे?’ असं जिथे तो विचारेल तिथे जोड तुटली असं धरायचं. आमच्याकडे अशा जागा मुख्यतः उजेड बदलतो तिथे निघाल्या, आणि दोन्हीकडे ओळखीची एक वस्तू, म्हणजे चरवी, घातल्यावर बुजल्या.

शेवटचा प्रसंग उलट्या अडचणीचा. ती घरी पोचते, बाळाला उचलते, आणि तिथे ताई थांबतात. त्या थांब्याला 12-13 सेकंदांचं न तुटणारं चित्र हवं होतं. कापलं असतं तर थांबाच गेला असता. आठ सेकंदांची क्लिप 60 टक्के वेगाने चालवली की 13 सेकंदांच्या वर जाते. हे फक्त मंद हालचालीला चालतं: श्वास, हलकासा झोका. रिझॉल्व्ह मधल्या चौकटी भरून काढतं, पण पणतीची ज्योत त्यात फाटल्यासारखी होऊ लागली, म्हणून चित्रातून पणती काढून कोपऱ्यात नुसता तिचा उजेड ठेवला. वेग कमी करायचाय हे आधी ठाऊक असेल तर क्लिपमध्ये ज्योत, पाणी, उडते केस ठेवायचेच नाहीत. तसा शेरा आता तक्त्यात जातो.

क्लिपसोबत येणारा आवाज आम्ही सगळा काढून टाकला. प्रत्येक क्लिपचा वारा वेगळा आणि रातकिडे वेगळे असतात, त्यामुळे प्रत्येक सांधा कानाला टोचतो. रात्रीच्या सगळ्या भागाखाली रातकिड्यांचा आणि वाऱ्याचा एकच सलग पट्टा घातला, दरवाज्याच्या प्रसंगाखाली लांबचा चौघडा. पहारेकरी बोलताना त्यांची तोंडं दाखवली नव्हती, खांद्यामागची चौकट त्यासाठीच निवडली होती. त्यांचे शब्दही ताईंच्याच आवाजात आहेत. उतरण सलग वीस सेकंदांच्या एकाच दृश्यात दाखवावी अशी माझी फार इच्छा होती. ती दोनदा वाढवून पाहिली, आणि दुसऱ्या वाढीत कड्याचा रंगच बदलला. म्हणून ती जागा सध्या चार तुकड्यांची आहे, आणि तक्त्यात तिच्यापुढे ‘पुन्हा पाहणे’ असं लिहून ठेवलं आहे.